डॉलरऐवजी पुरवठादाराच्या चलनात बिल: प्रस्ताव कसा मांडायचा आणि दराची जोखीम कशी वाटून घ्यायची

खरेदीदार युरोत कमावतो, पुरवठादार युआनमध्ये पगार देतो आणि बिल मात्र डॉलरमध्ये निघतं. दोघांपैकी एकाचंही चलन डॉलर नाही, तरी दोघंही डॉलरच्या चढउताराला तोंड देत बसतात. भाव देताना पुरवठादार डॉलर घसरेल या धास्तीने थोडा हातचा राखून दर धरतो. तुमच्या बाजूला डॉलर महागेल म्हणून तुम्हीही विक्रीच्या किमतीत थोडं वाढवून ठेवता. असा एकाच मालावर दोनदा विमा उतरवला जातो आणि दोन्ही हप्ते शेवटी किमतीतच जातात.

यातला पुरवठादाराचा हातचा बाहेर काढायचा, त्यातला काही भाग भावात सवलत म्हणून घ्यायचा आणि उरलेल्या जोखमीची लेखी वाटणी करायची, एवढंच हे काम आहे. उदाहरण युरो आणि युआनचं घेतलं आहे. आकडे हिशेबापुरते आहेत, पण रीत कोणत्याही दोन चलनांना लागू पडते.

आधी दोन गोष्टी तपासा

पहिली, पुरवठादाराचं चलन डॉलरला बांधलेलं तर नाही ना? संयुक्त अरब अमिरातीचा दिरहम 1997 पासून एका डॉलरला 3.6725 या दराला बांधलेला आहे. सौदी रियाल 3.75 वर आहे, तर हाँगकाँग डॉलर 7.75 ते 7.85 या पट्ट्यातच फिरतो. अशा चलनात बिल मागितलं तर नाव बदलेल, जोखीम तीच राहील.

दुसरी, पुरवठादाराचा खर्च खरोखर त्याच्या चलनात होतो का? मजुरी, वीज, जागेचं भाडं, स्थानिक पॅकिंग हे युआनमध्ये जातं. पण तांबं, प्लास्टिकचा कच्चा माल, चिप असं काही तो डॉलरमध्ये विकत घेत असेल, तर डॉलरचं बिल त्याला सोयीचंच असतं, कारण आलेले डॉलर तो तसेच पुढे देतो. त्याला सरळ विचारा की तुमच्या खर्चातला किती हिस्सा डॉलरमध्ये आहे. निम्म्याहून जास्त असेल तर पूर्ण बिल बदलायचा आग्रह धरू नका. फार तर मजुरीचा भाग युआनमध्ये आणि कच्च्या मालाचा डॉलरमध्ये असं दोन ओळींचं बिल मागता येईल. मात्र असं बिल सांभाळायला किचकट असतं, छोट्या ऑर्डरसाठी त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

पायरी पहिली: हातचा किती, ते मोजा

एकाच मालासाठी, एकाच दिवशी, त्याच पेमेंटच्या अटींवर दोन भाव मागा, एक डॉलरमध्ये आणि एक युआनमध्ये. दोन्हींची मुदत सारखी हवी. आठवड्याच्या अंतराने आलेले भाव ताडून काहीच कळत नाही, कारण मधल्या काळात बाजार हललेला असतो.

समजा डॉलरचा भाव 1,00,000 आहे आणि बिलाचे पैसे 90 दिवसांनी द्यायचे आहेत. आज एका डॉलरला 7.20 युआन मिळतात. युआनचा भाव 7,20,000 आला, तर पुरवठादाराने आजच्या दराने नुसता गुणाकार करून पाठवला आहे, विचार केलेला नाही. अशा वेळी चिडू नका. पुढचा प्रश्न टाका: "डॉलरचे भाव काढताना तुम्ही आतल्या हिशेबाला कोणता दर धरता?" विक्री पाहणाऱ्या माणसाला हे बऱ्याचदा माहीत नसतं, पण हिशेब पाहणाऱ्याला असतं. बहुतेक कारखान्यांत तिमाहीभरासाठी असा एक दर ठरलेला असतो. तो 7.00 निघाला, तर याचा अर्थ त्याला 7,00,000 युआन मिळाले तरी चालतात.

इथे नवखे लोक एक चूक करतात. ते 7.20 आणि 7.00 मधला सगळा फरक हातचा समजतात. पैसे 90 दिवसांनी मिळणार असल्यामुळे पुरवठादाराच्या बँकेकडे त्या तारखेचा फॉरवर्ड दर, म्हणजे पुढच्या तारखेच्या व्यवहारासाठी आजच ठरवलेला दर, वेगळा असतो. युआनवरचे व्याजदर डॉलरवरच्या व्याजदरांपेक्षा कमी असतात तेव्हा पुढच्या तारखेचा डॉलर आजच्यापेक्षा स्वस्त दिसतो. समजा तो 7.15 आहे. मग 7.20 ते 7.15 हा व्याजाचा फरक झाला, त्यात पुरवठादाराने काही लपवलेलं नाही. खरा हातचा 7.15 ते 7.00, म्हणजे डॉलरमागे 0.15 युआन एवढा छोटा फरक. एक लाख डॉलरवर तो 15,000 युआन होतो. बोलणी या पंधरा हजारांची आहेत. वीस हजार मागायला गेलात तर समोरचा हिशेबनीस तुम्हाला कच्चा ठरवेल, आणि त्याचं चुकणारही नाही.

पायरी दुसरी: आपल्या बँकेचा खर्च आधीच काढा

प्रस्ताव पाठवण्याआधी आपल्या बँकेला विचारा की तुम्ही युआन थेट पाठवता का, की आधी युरोचे डॉलर करून मग डॉलरचे युआन करता. दुसरा प्रकार असेल तर दोन वेळा कमिशन कापलं जातं. बँकेचा भाव घ्या आणि त्याच मिनिटाला बाजाराचा मधला दर पाहून फरकाची टक्केवारी काढा.

हा आकडा कळीचा आहे. वरच्या उदाहरणात पंधरा हजारांपैकी सात हजारांची सवलत मिळाली, तर ती 7,15,000 वर जेमतेम 1 टक्का आहे. बँक युआनवर डॉलरपेक्षा एक टक्का जास्त कापत असेल, तर केलेली सगळी मेहनत बँकेच्या खिशात जाईल. अशा वेळी आधी बँकेशी घासाघीस करा किंवा दुसरी बँक बघा, मगच पुरवठादाराकडे जा.

पुरवठादाराकडूनही एक खात्री हवी, त्याच्या खात्यात परदेशातून युआन घेता येतात का. चीनमध्ये परदेशी व्यापाराचे व्यवहार युआनमध्ये करण्याची चाचणी 2009 मध्ये सुरू झाली आणि आता ही नेहमीची पद्धत आहे. तरीही लहान कारखान्याचं निर्यातीचं खातं फक्त डॉलरचं असू शकतं. आणखी एक बारकावा: देशांतर्गत युआनचा दर आणि देशाबाहेर चालणाऱ्या युआनचा दर थोडा वेगळा असतो. पडद्यावर पहिला CNY आणि दुसरा CNH असा दिसतो. बिलावर CNY लिहिलेलं असतं, पण तुमची बँक अनेकदा CNH च्या दराने कापते. फरक एरवी किरकोळ असतो, पण बाजार घाबरला की वाढतो.

पायरी तिसरी: प्रस्ताव मांडा

"आम्हाला युआनमध्ये बिल द्या आणि भाव कमी करा" असं म्हटलं की समोरच्याला ती भाव पाडायची नवी युक्ती वाटते. त्याला काय मिळतंय ते आधी सांगा. पत्राचा गाभा असा ठेवता येईल:

"सध्या डॉलरच्या दराची जोखीम तुमच्याकडे आहे. पुढच्या ऑर्डरपासून बिल युआनमध्ये द्यावं असा आमचा प्रस्ताव आहे, म्हणजे डॉलर घसरल्याचा तोटा तुम्हाला होणार नाही. त्यासाठी भावात तुम्ही जो फरक धरता त्याचा निम्मा आम्हाला द्यावा. युरो आणि युआन यांच्या दरात ठरलेल्या पट्ट्याबाहेर मोठा बदल झाला, तर तेवढ्या बदलाचा भार दोघांनी निम्मा निम्मा घ्यावा. दर आमच्या बाजूने झुकला तर वाढीव रक्कम आम्ही देऊ."

शेवटचं वाक्य गाळू नका. एकतर्फी कलम कोणीही सही करत नाही, आणि केलं तरी पहिल्याच फटक्याला मालाचा दर्जा किंवा डिलिव्हरीची तारीख घसरते.

हावरेपणा मात्र आवरा. हातचा सगळाच्या सगळा सवलतीत मागायचा आणि वर जोखीमही निम्मी त्याच्याच गळ्यात घालायची, हे जमत नाही. निम्मी जोखीम त्याच्याकडे राहणार असेल, तर हातचाही साधारण निम्मा त्याच्याकडे राहू द्या. आपल्या उदाहरणात भाव 7,15,000 वरून 7,08,000 वर येतो. पंधरा हजारांतले सात तुम्हाला आणि आठ त्याला.

पायरी चौथी: कलमाचे आकडे ठरवा

हा भाग सगळ्यात जास्त वेळ घेणारा आहे आणि घ्यावाच. पाच गोष्टी लेखी ठरतात: मूळ दर, पट्टा, वाटणीचं प्रमाण, दर कुठून घ्यायचा आणि बाहेरची हद्द.

मूळ दर म्हणजे करार होतानाचा दर. इथे एका युरोला 8.00 युआन धरू. 7,08,000 युआन म्हणजे 88,500 युरो. दर कोणत्या दिशेने लिहिला आहे, "एका युरोला इतके युआन" की उलट, ते कलमात शब्दांत लिहा. नुसता आकडा लिहिला आणि नंतर कोणी उलटा हिशेब धरला तर टक्केवारी जुळत नाही, आणि भांडण तिथूनच सुरू होतं.

पट्टा दोन्ही बाजूंना 3 टक्के, म्हणजे 7.76 ते 8.24. दर यात असेपर्यंत बिल 7,08,000 चंच. पट्टा फार अरुंद ठेवला तर प्रत्येक बिलावर हिशेब करावा लागतो, फार रुंद ठेवला तर कलम कागदावरच राहतं.

आता दर 7.60 झाला असं धरा. युरो पडला, युआन महागला. कलम नसतं तर तुम्हाला 93,158 युरो मोजावे लागले असते. कलमाचा हिशेब असा:

```
P = P0 × (1 − s × (1 − R / B))
```

P0 ही मूळ किंमत, s तुमच्या पुरवठादाराचा वाटा, R आताचा दर आणि B दर ज्या बाजूला गेला त्या बाजूची पट्ट्याची कड. आकडे घातले की 7,08,000 × (1 − 0.5 × (1 − 7.60 / 7.76)), म्हणजे 7,00,701 युआन. बिल 7,299 युआनने कमी झालं आणि तुमचा खर्च 92,198 युरोवर आला. पहिल्या 3 टक्क्यांचा भार पूर्ण तुमचा आणि त्यापलीकडचा निम्मा.

उलट दर 8.50 झाला तर B म्हणून 8.24 घ्यायचा. बिल 7,19,170 युआन होतं. तुम्ही पुरवठादाराला 11,170 युआन जास्त देता, तरी युरोत तुमचा खर्च 84,608 च राहतो, मूळ 88,500 पेक्षा कमी. मालकाला किंवा हिशेब विभागाला हे आधीच समजावून ठेवा. नाहीतर "आपण ठरल्यापेक्षा जास्त का देतोय?" हा प्रश्न नेमका चुकीच्या दिवशी येतो.

मोठी फसगत एका शब्दावरून होते. "दर पट्ट्याबाहेर गेल्यास बदलाची वाटणी करावी" असं वाक्य बऱ्याच करारांत दिसतं. कोणता बदल? कडेपासूनचा की मूळ दरापासूनचा? 7.60 ला मूळ दरापासून वाटणी केली तर बिल 6,90,300 होतं, म्हणजे आपल्या हिशेबापेक्षा 10,401 युआनने कमी. दोघांनी दोन अर्थ लावले तर एका बिलावर एवढा वाद. शिवाय दुसऱ्या अर्थात एक कडा तयार होतो: 7.77 ला बिल पूर्ण 7,08,000 चं आणि 7.75 ला एकदम सुमारे 6,97,000 चं. दोन दिवसांच्या फरकाने अकरा हजारांचा उतार असला की बिलाची तारीख पुढेमागे करायचा मोह कोणालाही होतो. म्हणून "कडेपलीकडच्या बदलाचीच वाटणी" हे शब्द लिहा आणि खाली एक सोडवलेलं उदाहरण आकड्यांसह जोडा. कलमाची भाषा कशीही झाली तरी उदाहरण अर्थ पक्का करतं.

दर कुठून घ्यायचा? दोघांनाही फुकट दिसणारा, दोघांच्याही हातात नसलेला स्रोत हवा. युरोसाठी युरोपियन मध्यवर्ती बँक कामाच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास संदर्भ दर प्रसिद्ध करते आणि त्यात युआन असतो. हे दर माहितीसाठी आहेत, त्या दराने व्यवहार होत नाही, असं ती बँक स्वतःच सांगते. त्यामुळे एका दिवसाचा दर घेऊ नका. बिलाच्या तारखेच्या दोन कामाचे दिवस आधी संपणाऱ्या पाच कामाच्या दिवसांची सरासरी घ्या. सरासरीमुळे एखाद्या उसळीचा परिणाम मवाळ होतो आणि तारखेशी खेळण्यात फारसा फायदाही उरत नाही. महिन्याला अनेक बिलं निघत असतील तर आधल्या महिन्याची सरासरी पुढच्या महिन्यातल्या सगळ्या बिलांना लावणं अधिक सुटसुटीत पडतं.

बाहेरची हद्द 8 टक्के ठेवू, म्हणजे 7.36 आणि 8.64. दर त्यापलीकडे गेला तर चालू ऑर्डरचा हिशेब हद्दीवरच थांबवायचा आणि नव्या ऑर्डरसाठी मूळ दर नव्याने ठरवायचा. असं कशाला होईल, असं वाटू शकतं. 15 जानेवारी 2015 ला स्विस मध्यवर्ती बँकेने युरोमागे 1.20 फ्रँकची राखलेली पातळी अचानक सोडली आणि फ्रँक काही मिनिटांत कुठच्या कुठे गेला. हद्द नसेल तर अशा दिवशी निम्मा वाटासुद्धा लहान पुरवठादाराला बुडवू शकतो, आणि बुडालेला पुरवठादार माल पाठवत नाही.

पायरी पाचवी: ॲडव्हान्स, बिल आणि कस्टम्स

वरचा हिशेब पूर्ण रक्कम शेवटी देण्याचा होता. 30 टक्के ॲडव्हान्स आणि 70 टक्के नंतर अशी अट असेल, तर ॲडव्हान्सचे पैसे आधीच एका दराने गेलेले असतात, त्यांवर पुन्हा समायोजन नको. कलम फक्त उरलेल्या 4,95,600 युआनला लावा. 7.60 ला त्यातून 5,109 युआन कमी होतात, 7,299 नाही. कलमात "शिल्लक रक्कम" हा शब्द नसेल तर पुरवठादार एक आकडा काढेल आणि तुम्ही दुसरा.

समायोजन बिल निघण्याआधी करा, नंतर क्रेडिट नोट काढून नको. माल सुटल्यावर किंमत बदलली तर कस्टम्सला दाखवलेलं मूल्य आणि दिलेले पैसे जुळत नाहीत, आणि दुरुस्तीचे कागद करत बसावं लागतं. सरासरीचे दिवस बिलाच्या आधी संपवायचे ते यासाठीच. बिलावरच मूळ किंमत, वापरलेला दर, समायोजन आणि अंतिम रक्कम अशा चार ओळी येऊ द्या. बिल ते पेमेंट या दिवसांतला चढउतार मात्र पूर्ण तुमचा असतो, तो कलमात येत नाही.

एक सावधगिरी इथेच. चलन बदललं की खातंही बदलतं, आणि नेमक्या याच काळात पुरवठादाराच्या नावाने खोटा ईमेल येण्याचा धोका वाढतो. नवा खाते क्रमांक ईमेलवर आला तर तुमच्याकडे आधीपासून असलेल्या फोन नंबरवर, त्या ईमेलमधल्या नंबरवर नव्हे, बोलून खात्री करा. पहिलं पेमेंट लहान पाठवा आणि पोचल्याची पावती आल्यावरच उरलेलं सोडा.

फॉरवर्ड आणि कलम एकत्र वापरताना

बँकेकडून पूर्ण 7,08,000 युआन 8.00 च्या दराने पुढच्या तारखेला घेऊन ठेवले आणि कलमही चालू ठेवलं, तर काय होतं पाहा. दर 8.50 झाला. तुम्ही स्वस्त झालेले युआन आधीच महाग दराने घेऊन बसला आहात, म्हणजे 88,500 युरो गेले. त्यावर कलमानुसार 11,170 युआन आणखी द्यायचे, म्हणजे साधारण 1,314 युरो. एकूण 89,814. जो फायदा तुम्हाला झालाच नाही, त्यातला वाटा तुम्ही पुरवठादाराला दिला.

म्हणून जितकी रक्कम फॉरवर्डने बांधली, तितकी कलमातून वगळा, आणि हे पुरवठादाराला आधी सांगा. पहिल्या दोन तीन ऑर्डर नुसत्या कलमावर चालवा. तेवढ्यात पट्टा बरोबर बसला का, बँक किती कापते आणि समोरचा हिशेब वेळेवर पाठवतो का, ते दिसतं. करारात मूळ दराचा फेरविचार दर सहा महिन्यांनी ठेवा आणि त्याची तारीख आत्ताच लिहा. तारीख नसली की दर ज्याच्या बाजूने असतो तो गप्प बसतो.